साधा आणि चॉइस रिअ‍ॅक्शन टाइम: क्रम उलटवला की नेमकं काय होतं

"सर, सायकॉलॉजी प्रॅक्टिकलला साधा रिअ‍ॅक्शन टाइम आणि चॉइस रिअ‍ॅक्शन टाइम घेतलाय, तेच 20 जण दोन्ही करणार. गाइड म्हणाले काउंटरबॅलन्सिंग कर, म्हणजे 10 जणांना आधी साधा आणि 10 जणांना आधी चॉइस. एवढं केलं की ऑर्डर इफेक्ट निघून जातो का? आणि रिझल्टमध्ये त्याचं काय दाखवायचं?"

निघून जात नाही. तो प्रत्येकाच्या डेट्यात जसाच्या तसा बसलेला असतो, फक्त दोन्ही कंडिशनवर सारखा वाटला जातो म्हणून सरासरी काढताना कटतो. आणि तोही एका अटीवरच कटतो. ती अट कोणती आणि ती मोडली तर आकड्यांत कशी दिसते हे एकदा कळलं की डिझाइनमधल्या बाकीच्या बारीकसारीक गोष्टी का करायच्या ते आपोआप लागतं, म्हणून आधी तेच सांगतो आणि डिझाइनकडे नंतर येतो.

साध्यात स्क्रीनवर लाल किंवा हिरवा, कुठलाही गोल दिसला तरी एकच की दाबायची, चॉइसमध्ये लालला एक आणि हिरव्याला दुसरी. समजा एखाद्याचा खरा साधा रिअ‍ॅक्शन टाइम 250 मिलिसेकंद आहे आणि चॉइसचा 340, म्हणजे खरा फरक 90 (हे आकडे मी समजावायला सोपे पडावेत म्हणून घेतलेत). आता पहिला ब्लॉक, म्हणजे एकाच कामाचे सलग ट्रायल, होईपर्यंत हात बसतो, स्क्रीनची सवय होते, त्यामुळे दुसरा ब्लॉक कुठलाही असो तो 20 मिलिसेकंदांनी जलद होतो असं धरा. ज्यांना आधी साधा दिला त्यांचा साधा येणार 250 आणि चॉइस 340 ऐवजी 320, फरक 70. ज्यांना आधी चॉइस दिला त्यांचा चॉइस 340 आणि साधा 250 ऐवजी 230, फरक 110. दोन्ही गट एकत्र केले की साध्याची सरासरी 240, चॉइसची 330, फरक बरोबर 90. एकाही माणसाचा स्वतःचा फरक 90 आलेला नाही, कुणाचा 70 कुणाचा 110, पण एकत्र केल्यावर खरा आकडा मिळाला. सगळ्यांना आधी साधाच दिला असता तर 70 मिळाला असता आणि आपण तोच खरा मानून मोकळे झालो असतो.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली म्हणजे सरावाचा परिणाम किती होता तेही आपल्याला फुकटात मिळतं, 110 मधून 70 वजा करा, निम्मे करा, 20. म्हणजे ऑर्डर इफेक्ट लपवायची गोष्ट नाहीये, तो मोजता येतो आणि मोजून लिहावा. दुसरी गोष्ट म्हणजे हा 70 आणि 110 चा पसारा तुमच्या फरकांच्या स्टँडर्ड डेव्हिएशनमध्ये जाऊन बसतो. साधा पेअर्ड टी-टेस्ट लावला तर त्याला माहीतच नसतं की हा पसारा क्रमामुळे आलाय, तो सगळा योगायोगाच्या खात्यात टाकतो. आता एका गटाच्या आत लोकांच्या फरकांचं स्टँडर्ड डेव्हिएशन 30 असेल तर दोन्ही गट मिसळल्यावर ते साधारण 36 होतं (30 चा वर्ग 900, त्यात 20 चा वर्ग 400 मिळवा, 1300, त्याचं वर्गमूळ). म्हणून काउंटरबॅलन्सिंग करायचं आणि अ‍ॅनालिसिसमध्ये क्रम विसरून जायचं हे अर्धवट काम झालं. शीटमध्ये प्रत्येकासमोर क्रमाचा कॉलम हवाच, आणि मिक्स्ड अ‍ॅनोव्हा चालवत असाल तर क्रम हा बिट्वीन फॅक्टर म्हणून आत घ्यायचा.

आता ती अट. वरचं गणित जमलं कारण मी गृहीत धरलं की आधी काहीही केलं तरी पुढच्या ब्लॉकला मिळणारा फायदा सारखाच, 20. साध्यावरून चॉइसवर जाताना 20 आणि चॉइसवरून साध्यावर येतानाही 20. पण या दोन कामांच्या बाबतीत नेमकं हेच डळमळीत आहे. चॉइसचे चाळीस ट्रायल करून आलेल्या माणसाला थांबून रंग बघायची सवय लागलेली असते, साध्या ब्लॉकमध्ये कुठलाही रंग आला तरी दाबायचंय हे माहीत असूनही तो क्षणभर रंग तपासतो, त्यामुळे त्याचा साधा टाइम सरावाने कमी व्हायच्या ऐवजी वाढतो. उलट बाजूने येणाऱ्याला दिसलं की दाब ही सवय असते, ती चॉइसमध्ये त्याला जलद करते (आणि चुका वाढवते). म्हणजे जाताना एक परिणाम आणि येताना वेगळाच. याला असममित ट्रान्सफर म्हणतात, आणि क्रम उलटवून हे कटत नाही.

आकड्यात बघा. आधी साधावाल्यांचं तसंच ठेवू, 250 आणि 320. आधी चॉइसवाल्यांचा चॉइस 340, पण साधा 230 ऐवजी आला 265. आता सरासरी साधा 257.5, चॉइस 330, फरक 72.5. खरा होता 90. क्रम एकदम नीट वाटलेला, दहा-दहा माणसं, कुठे काही चुकलेलं दिसत नाही, आणि तरी साडेसतरा मिलिसेकंद गायब. वर कहर म्हणजे दोन गटांचे फरक 70 आणि 75, जवळजवळ सारखे, त्यामुळे बघणारा म्हणेल वा, ऑर्डर इफेक्ट नाहीच! इथेच बहुतेक जण फसतात.

मग ओळखायचं कसं? फरक बघू नका, बेरीज बघा. प्रत्येक माणसाच्या दोन्ही ब्लॉकची बेरीज करा आणि मग गटांची सरासरी काढा. पहिल्या उदाहरणात आधी साधावाल्यांची 250 अधिक 320 म्हणजे 570, आधी चॉइसवाल्यांची 340 अधिक 230 म्हणजे 570. सारखी, कारण दोघांनीही दोन्ही कामं केली आणि दोघांनाही सरावाचा एकच फायदा एकदाच मिळाला. दुसऱ्या उदाहरणात 570 आणि 605. हा 35 चा फरक सांगतो की एका दिशेने येताना काहीतरी जास्तीचं सोबत आलंय.

अ‍ॅनोव्हाच्या टेबलमध्ये याचा अर्थ जरा उलटा वाटेल असा आहे, म्हणून थांबून सांगतो, व्हायवालाही इथेच गाडी अडते. दोन कंडिशन आणि दोन क्रम असताना कंडिशन आणि क्रम यांचं इंटरॅक्शन सिग्निफिकंट आलं तर त्याचा अर्थ फक्त सराव (किंवा थकवा) झाला एवढाच, म्हणजे 70 आणि 110 वेगळे आहेत एवढंच, आणि ते निरुपद्रवी आहे, कारण ते कटतं. धोक्याची खूण आहे ती क्रमाचा मेन इफेक्ट, म्हणजे 570 आणि 605. बरेच जण इंटरॅक्शन बघून घाबरतात आणि मेन इफेक्टकडे ढुंकूनही बघत नाहीत, बरोबर उलटं करतात.

मात्र ही तपासणी दुबळी आहे हेही लिहून ठेवा. बेरीज ही दोन वेगळ्या गटांतली तुलना आहे, आणि माणसामाणसाच्या मूळ वेगात 40-50 मिलिसेकंदांचा फरक सहज असतो, तेव्हा दहा-दहा माणसांत 35 चा फरक नुसत्या योगायोगानेही येईल, आणि खरंच ट्रान्सफर असूनही सिग्निफिकंट न येण्याची शक्यता भरपूर. सिग्निफिकंट नाही म्हणजे ट्रान्सफर नाही असं म्हणता येत नाही. फरक संशयास्पद वाटला तर एक जोडआकडा द्यावा, फक्त पहिल्या ब्लॉकची तुलना. पहिल्या ब्लॉकला मागून काहीच आलेलं नसतं, त्यामुळे आधी साधावाल्यांचा साधा 250 आणि आधी चॉइसवाल्यांचा चॉइस 340, फरक 90, आपल्या उदाहरणात खरा आकडा इथे परत मिळतो. किंमत अशी की आता ही वेगवेगळ्या माणसांची तुलना झाली, त्यामुळे ढोबळ. पण दोन्ही आकडे शेजारी ठेवले की वाचणाऱ्याला अंदाज येतो.

तपासणी एवढी दुबळी असल्यामुळे खरा भर ट्रान्सफर होऊच नये यावर द्यायचा. आता डिझाइन.

पहिला प्रश्न पडेल की साधे आणि चॉइसचे ट्रायल सरमिसळ करून टाकले तर क्रमाची भानगडच राहणार नाही, मग ब्लॉक कशाला? इतर बऱ्याच प्रयोगांत हेच सगळ्यात उत्तम, पण इथे नाही चालत. पुढचा ट्रायल साधा की चॉइस हे माहीत नसेल तर माणूस प्रत्येक वेळी निर्णय घ्यायच्या तयारीत बसणार, साधा साधा राहतच नाही. म्हणून ब्लॉक लागतात, आणि ब्लॉक आले की क्रम आला.

स्टिम्युलस असा ठेवा. स्क्रीनच्या मधोमध एक गोल, लाल किंवा हिरवा, दोन्ही ब्लॉकमध्ये दोन्ही रंग रँडम यायला हवेत. साध्या ब्लॉकमध्ये कुठलाही रंग आला तरी एकच की दाबायची, चॉइसमध्ये लालला एक आणि हिरव्याला दुसरी. म्हणजे डोळ्याला दिसणारं सगळं सारखं आणि बदललं ते फक्त निर्णय घेणं. 1868 मध्ये डोंडर्स या डच शास्त्रज्ञाने वजाबाकीची पद्धत मांडली ती याच कल्पनेवर, की दोन कामांत एकाच टप्प्याचा फरक असेल तर वेळेतला फरक म्हणजे त्या टप्प्याचा वेळ. ज्या वजाबाकीवर एवढा भरवसा ठेवायचा तिच्या दोन्ही बाजूंना दुसरं काही वेगळं असून चालणार नाही. साध्याला पिवळा गोल आणि चॉइसला लाल-हिरवा असं करू नका, मग फरक रंगाचा की निर्णयाचा कोण सांगणार?

बोटांचंही तसंच. चॉइसमध्ये दोन्ही हात लागतात, F आणि J या कीवर दोन तर्जनी. मग साध्यात सगळे ट्रायल उजव्या हाताने घेतले तर साधा टाइम म्हणजे उजव्या हाताचा आणि चॉइस म्हणजे दोन्ही हातांची सरासरी, वजाबाकीत हाताचा फरकही शिरला. म्हणून साध्या ब्लॉकचे 40 ट्रायल 20 उजव्याने आणि 20 डाव्याने घ्या, आणि मोकळं बोटही आपल्या कीवरच टेकवून ठेवायला सांगा. चॉइसमध्ये लालला F की J हे निम्म्यांना एक आणि निम्म्यांना दुसरं. आता हेही उलटसुलट करायचं आणि साध्यात आधी कुठला हात हेही उलटसुलट करायचं म्हटलं तर क्रम धरून आठ प्रकार होतात आणि 20 माणसं आठांत बसत नाहीत. तेव्हा एक करा, की लाल ज्यांना J वर त्यांना साध्यात आधी उजवा हात, लाल ज्यांना F वर त्यांना आधी डावा, अशी दोन्ही एकत्र बांधून टाका. या दोन्हीतल्या कशाबद्दलच आपल्याला निष्कर्ष काढायचा नाहीये, त्यामुळे ती एकमेकांत अडकली तरी काही बिघडत नाही, फक्त दोघांपैकी कुणीही मुख्य कंडिशनमध्ये किंवा क्रमात अडकता कामा नये. मग उरतात चार प्रकार, प्रत्येकी पाच माणसं.

गोल यायच्या आधी मध्ये एक खूण दाखवा आणि तिच्यानंतर गोल येईपर्यंतचा वेळ 1 ते 3 सेकंदांत रँडम बदलता ठेवा. हा वेळ ठरावीक असला तर साध्या ब्लॉकमध्ये लोक गोल बघून नाही तर ताल धरून दाबायला लागतात, आणि त्याचा फायदा साध्यालाच जास्त, कारण चॉइसमध्ये ताल धरला तरी कुठली की हे कळत नाही. त्याच कारणासाठी दर 20 ट्रायलमागे 3 रिकामे ट्रायल टाका, खूण येते पण गोल येतच नाही आणि दाबायचं नसतं (हे त्या 20 मध्ये धरायचे नाहीत, वरचे). दोन्ही ब्लॉकमध्ये टाका. रिकाम्या ट्रायलवर जो वारंवार दाबतो तो गोल बघून दाबतच नाहीये.

आता ट्रान्सफर कमी करायचा सगळ्यात परिणामकारक उपाय, तो म्हणजे सराव मुख्य ब्लॉकच्या आधीच उरकून टाकणं. रिअ‍ॅक्शन टाइममधली सरावाची घसरण सुरुवातीला खूप उभी असते आणि मग सपाट होत जाते. म्हणून प्रयोगाच्या अगदी सुरुवातीला दोन्ही कामांचे वीस-वीस सराव ट्रायल द्या, मग खरे ब्लॉक. बहुतेक जण काय करतात, पहिल्या कामाचा सराव, पहिला ब्लॉक, मग दुसऱ्या कामाचा सराव, दुसरा ब्लॉक. ते चूक नाही पण त्यात पहिला ब्लॉक करताना माणसाला दुसरं काम काय आहे हे माहीतच नसतं आणि दुसरा करताना पहिलं माहीत असतं, ही असममिती आपण हाताने तयार केली. दोन्हींचा सराव आधी झाला की निदान अनुभव दोघांना सारखा. त्याशिवाय दुसऱ्या ब्लॉकच्या तोंडावर त्याच कामाचे आठ-दहा ट्रायल परत द्या आणि ते फेकून द्या, जुनी सवय झटकायला तेवढे लागतात. मध्ये दोनेक मिनिटं विश्रांती, आणि दुसऱ्या ब्लॉकच्या सूचना स्क्रीनवर लिहिलेल्या, प्रयोगकर्त्याने तोंडी सांगायच्या नाहीत.

हे शेवटचं मी अनुभवावरून सांगतोय. माझ्याकडच्या एका बॅचमध्ये एका जोडीचे आकडे असे आले की आधी चॉइसवाल्यांचा साधा टाइम कमी व्हायच्या ऐवजी चांगलाच वाढलेला, आणि बेरजा जुळेनात. आम्ही सगळे ट्रान्सफर ट्रान्सफर करत बसलो. मग दोन दिवसांनी प्रयोग घेणाऱ्या मुलीला परत सगळं माझ्यासमोर करून दाखवायला सांगितलं तेव्हा कळलं, चॉइस झालेल्या मुलांना ती साध्याच्या आधी "आता सोपं आहे, आरामात कर" असं म्हणायची. साध्याने सुरुवात करणाऱ्यांना म्हणायची "जमेल तेवढं पटकन". तिच्या मनात काही नव्हतं, थकलेल्या मुलांना धीर देत होती बिचारी, पण सूचनाच क्रमाप्रमाणे बदलल्या. असं झालं तर काउंटरबॅलन्सिंगच्या कुठल्याही गणिताने ते सुटत नाही. तेव्हापासून सूचना छापीलच.

माणसं वाटताना पहिली दहा या क्रमाला आणि पुढची दहा त्या क्रमाला असं अजिबात करू नका. आधी येणारे आणि शेवटी ओढून आणलेले यांच्यात फरक असतो, आणि तोवर तुमचा स्वतःचाही हात बसलेला असतो. हजेरी नंबर सम की विषम हेही नको, कारण पुढचा कुठल्या गटात हे तुम्हाला आधीच कळतं आणि नकळत हात फिरतो. चार-चारचे गठ्ठे करा, प्रत्येक गठ्ठ्यात चारही प्रकार एकेकदा, गठ्ठ्याच्या आत चिठ्ठ्या टाकून क्रम. यादी प्रयोगाच्या आधी काढून ठेवायची. पायथन येत असेल तर एवढंच पुरे:

```python
import random
cells = ["साधा-चॉइस, लाल F", "साधा-चॉइस, लाल J",
         "चॉइस-साधा, लाल F", "चॉइस-साधा, लाल J"]
n = 1
for g in range(5):
    random.shuffle(cells)
    for c in cells:
        print(n, c)
        n += 1
```

कुणाचा डेटा टाकून द्यावा लागला तर त्याच्या जागी येणारा नवीन माणूस त्याच प्रकारात घालायचा, यादीतला पुढचा नाही. आणि बदली माणूस मिळालाच नाही, शेवटी गट 12 आणि 8 असे उरले, तर सगळ्यांची एकत्र सरासरी काढू नका. आपल्याच पहिल्या उदाहरणात 12 जणांचा 70 आणि 8 जणांचा 110 धरला तर एकत्र सरासरी येते 86, खरा आकडा 90. आधी दोन्ही गटांची वेगवेगळी सरासरी, मग त्या दोघींची सरासरी, की परत 90.

काही जण विचारतात की माणसं उलटसुलट करण्यापेक्षा एकाच माणसाला साधा, चॉइस, चॉइस, साधा असे चार छोटे ब्लॉक दिले तर त्याच्या आतच क्रम कटेल ना? कल्पना चांगली आहे, प्रत्येक माणूस स्वतःच संतुलित होतो, पण ती फक्त सराव सरळ रेषेत होत असेल तरच चालते. वर म्हटलं तसं रिअ‍ॅक्शन टाइममध्ये तो सुरुवातीला उभा उतरतो. समजा चार ब्लॉकमध्ये सरावाचा फायदा अनुक्रमे 0, 30, 40 आणि 45 मिलिसेकंद. साधा पहिल्या आणि चौथ्या जागी, त्याच्या वाट्याला सरासरी 22.5. चॉइस दुसऱ्या आणि तिसऱ्या जागी, त्याच्या वाट्याला 35. म्हणजे चॉइसला साडेबारा मिलिसेकंद आयते मिळाले आणि ते प्रत्येक माणसात एकाच दिशेने, कितीही माणसं घेतली तरी जाणार नाहीत. ही मांडणी वापरायची असेल तर निम्म्यांना तिची उलट द्या, चॉइस, साधा, साधा, चॉइस, आणि सराव आधी भरपूर घ्या म्हणजे उभा भाग निघून जातो. वेळ असेल तर मी हीच सुचवेन, कारण यात सवय एकदाच बदलत नाही, दोन्ही दिशांनी बदलते, आणि ट्रान्सफरचं वजन एका गटावर कमी पडतं. पण पहिल्यांदा करत असाल तर दोन ब्लॉक ठेवा, समजावून सांगता येईल एवढंच करा.

आकडे साफ करताना एकच गोष्ट सांभाळा, नियम डेटा बघायच्या आधी ठरवून लिहिलेला हवा आणि दोन्ही कंडिशनला तोच. 100 मिलिसेकंदांच्या आतला प्रतिसाद म्हणजे गोल बघून दाबलेलं नाही, काढा. 1500 च्या वरचा म्हणजे लक्ष उडालं होतं, काढा. चॉइसमधले चुकीचे प्रतिसाद वेळेच्या हिशोबात घेऊ नका पण मोजा जरूर. मग प्रत्येक माणसाचा प्रत्येक कंडिशनचा मीडियन, कारण या आकड्यांची शेपटी उजवीकडे लांब असते आणि दोन-चार सुस्त ट्रायल सरासरीला ओढून नेतात. पुढचं सगळं या मीडियनवर, 20 माणसं गुणिले 2, एवढे 40 आकडे. 1600 ट्रायल सरळ टेस्टमध्ये ओतायचे नाहीत, ते एकमेकांपासून स्वतंत्र नसतात.

चुका क्रमाप्रमाणे वेगळ्या करून बघा, तिथे ट्रान्सफर वेळेपेक्षा आधी दिसतो. आधी साधा केलेल्यांच्या चॉइसमध्ये चुका जास्त आणि वेळ कमी असेल तर ते 20 मिलिसेकंद सरावाचे नाहीतच, घाईचे आहेत.

की-बोर्ड आणि स्क्रीनमुळे होणारा उशीर (60 हर्ट्झची स्क्रीन असेल तर चित्र बदलायला दर वेळी 16.7 मिलिसेकंदांचा टप्पा असतो) दोन्ही कंडिशनला सारखाच लागतो, म्हणून वजाबाकीत जातो. पण म्हणूनच तुमचा 250 हा आकडा दुसऱ्या मशीनवर घेतलेल्या 250 शी ताडून बघू नका, फरक ताडून बघा. आणि एकाच माणसाचे दोन्ही ब्लॉक एकाच मशीनवर.

पुढे कधी तीन कंडिशन घेतल्या, म्हणजे एक, दोन आणि चार पर्याय अशा, तर तीनच क्रम फिरवून घ्यायचा मोह होतो, अबक, बकअ, कअब. प्रत्येक कंडिशन प्रत्येक जागी येते खरी, पण बघा, अ नंतर जेव्हा काही येतं तेव्हा दर वेळी ब च येतं, ब च्या लगेच आधी क कधीच नाही. ट्रान्सफरचा संशय असलेल्या कामात ते नको, सहाही क्रम घ्या आणि माणसं सहाच्या पटीत, 18 किंवा 24.

रिझल्टमध्ये काय दाखवायचं तर एक चार घरांचं टेबल, आडवे दोन क्रम, उभ्या दोन कंडिशन, प्रत्येक घरात मीडियनची सरासरी, स्टँडर्ड डेव्हिएशन आणि चुकांची टक्केवारी. त्याखाली तीन वाक्यं. कंडिशनमुळे पडलेला फरक किती आणि त्याचा एफ. दोन क्रमांतल्या फरकांवरून निघालेला सरावाचा परिणाम किती, म्हणजे इंटरॅक्शन. आणि दोन गटांच्या बेरजांमधलं अंतर किती, म्हणजे क्रमाचा मेन इफेक्ट, सोबत हे की 20 माणसांत ही तपासणी दुबळी आहे आणि फक्त पहिल्या ब्लॉकची तुलना केली तर फरक इतका येतो. परीक्षक बोट ठेवतात ते बहुतेक या तिसऱ्या वाक्यावर, तेव्हा 570-605 वालं उदाहरण कागदावर स्वतः एकदा मांडून बघा, आकडे बदलून, उदाहरणार्थ ट्रान्सफर चॉइसच्या बाजूला टाकून, आणि बेरीज कुठल्या दिशेला सरकते ते तपासा.